दहा वर्षं क्लेम नाही, मग बोटीचा विमा पाण्यात गेला का?

प्रश्न: हर्णैला आमची एक बोट आहे, आजच्या भावाने वीस लाखांची. बाकी सोनं आणि एफडी मिळून पाच लाख. दहा वर्षं विमा भरतोय, आता हप्ता वर्षाला तीस हजारांवर गेलाय. एकदाही क्लेम घेतला नाही. हे पैसे पाण्यातच गेले ना? भाऊ म्हणतो, विमा बंद करू, एफडी मोडू, सोनं विकू आणि दुसऱ्या एका बोटीत पाच लाखांची भागी घेऊ, म्हणजे धोकाही विभागला जाईल. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर:

विमा बंद करू नका, आणि दुसऱ्या बोटीत भागी तर आत्ता मुळीच घेऊ नका. हे मी विमा विकणारा म्हणून सांगत नाही. मी सर्व्हेअर आहे. नुकसान झाल्यावर बोट, घर, बाग बघायला जायचं आणि किती भरपाई बसते ते लिहायचं, हे काम दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात सव्वीस वर्षं करतोय. तुमच्या भावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, त्याचा अर्धा हिशोब बरोबर आहे. म्हणून सगळा हिशोब मांडूनच दाखवतो.

तुमच्यासारखी बोट एखाद्या वर्षी पूर्ण जाण्याची शक्यता शंभरात एक आहे असं धरू. हा आकडा समजण्यापुरता घेतलाय. तुमच्या बोटीचं वय, इंजिन, तांडेल किती जाणता आहे, यावर तो वरखाली होईल. शंभरात एक धरलं, तर दहा वर्षं काहीच न होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून थोडी जास्त येते. म्हणजे दहा मालकांपैकी नऊ जण दहा वर्षांनी तुमच्याच जागी उभे असतात, हातात क्लेम नसलेले. त्यामुळे तुमच्या दहा वर्षांवरून धोका कमी होता की जास्त, हे कळतच नाही. हीच बोट पंचवीस वर्षं चालवली, तर त्या काळात एकदा तरी ती जाण्याची शक्यता बावीस टक्के होते.

आता भावाचा हिशोब. वीस लाखांची बोट, शंभरात एक शक्यता, म्हणजे वर्षाला सरासरी नुकसान वीस हजार. हप्ता तीस हजार. वरचे दहा हजार कंपनीचा खर्च, एजंटचं कमिशन, माझ्यासारख्याची फी आणि नफा यात जातात. रुपयाला रुपया लावला तर विमा हा दर वर्षी दहा हजारांचा तोटा आहे. हे खरं आहे, आणि जवळपास प्रत्येक विम्याच्या बाबतीत खरं असतं. कंपनी सरासरी नुकसानीपेक्षा जास्त घेते, नाहीतर ती टिकणारच नाही.

मग शहाणी माणसंही विमा का घेतात? कारण वर आलेली सरासरी कोणाच्याच वाट्याला येत नाही. कुठल्याही नाखव्याची वर्षाला वीस हजारांची बोट बुडत नाही. एक तर काहीच बुडत नाही, नाहीतर वीस लाख जातात. आणि वीस लाख गेल्यावर हातात जे उरतं, त्यातला एकेक रुपया आजच्या रुपयापेक्षा फार महाग असतो.

हे मी एका घरात बसून पाहिलंय. तांडेल अनुभवी होता, तरी बोट खाडीच्या तोंडाशी लाटेत उलटली आणि खडकावर फुटली. माणसं वाचली. विमा दोन वर्षांपूर्वी सोडलेला, त्यामुळे माझं तिथे कामच नव्हतं. शेजारच्या बोटीच्या पाहणीला गेलो होतो. मालकाने चहाला बोलावलं. ओटीवर बर्फाच्या कारखान्याचं बिल, डिझेलची उधारी आणि खलाशांना हंगामाच्या सुरुवातीला दिलेल्या आगाऊ रकमेची वही, असे तीन कागद मांडून ठेवलेले होते. त्याला तेव्हा चाळीस हजार कमी पडत होते आणि त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडायच्या की नाही, यावर घरात बोलणं चाललं होतं. बोट असताना चाळीस हजार ही त्याच्या दोन-चार चांगल्या खेपांची गोष्ट होती.

माणूस जसा वर चढतो तशी पुढच्या लाखाची किंमत त्याच्यालेखी घटते, आणि खाली घसरतो तशी वाढते. डॅनियल बर्नूली या गणितज्ञाने १७३८ साली याला आकड्यांचं रूप दिलं. त्याचं म्हणणं असं की पाचाचे दहा लाख होणं आणि दहाचे वीस लाख होणं, यांचं समाधान सारखंच असतं. रुपये दुसऱ्यात दुप्पट वाढले, पण माणसाच्या दृष्टीने दोन्ही वेळा एकेकदाच दुप्पट झाले. हे मान्य केलं की अनिश्चित परिस्थितीची किंमत काढता येते: बिनविम्याची बोट बाळगणं हे किती खात्रीच्या पैशाच्या बरोबरीचं आहे? मोबाइलवरच्या शीटमध्ये एक ओळ टाका. आकडे लाखांत आहेत:

```
=25^0.99*5^0.01
```

नव्व्याण्णव टक्के शक्यता पंचवीस लाख राहण्याची, एक टक्का पाच लाख राहण्याची. उत्तर २४.६० येतं. म्हणजे बिनविम्याची बोट असलेले तुमचे पंचवीस लाख हे खात्रीच्या चोवीस लाख साठ हजारांच्या बरोबरीचे आहेत. या टांगत्या धोक्यातून सुटायला तुम्ही जवळपास एकोणचाळीस हजार नऊशेपर्यंत दिले तरी परवडतं. कंपनी तीस हजार मागते. तीस हजार भरून तुमच्याकडे चोवीस लाख सत्तर हजार खात्रीचे राहतात. सरासरी नुकसान वीस हजार, वरचे एकोणीस हजार नऊशे ही केवळ अनिश्चितता सोसण्याची किंमत. भावाच्या हिशोबात सुटलं ते हेच.

हेच गणित दोन कोटींच्या मालकाला लावून बघा. त्याचीही बोट वीस लाखांची, शक्यताही तीच:

```
=200^0.99*180^0.01
```

त्याची फार तर एकवीस हजार देण्याची तयारी असायला हवी. तीस हजारांचा हप्ता त्याला परवडत नाही, कारण बोट गेली तरी त्याचं घर हलत नाही. म्हणून बंदरात एखादा मोठा नाखवा "विमाबिमा काही लागत नाही" म्हणत असेल, तर तो त्याच्यापुरतं खरं बोलतोय. त्याचं ऐकून तुम्ही विमा सोडलात तर फसाल. बोट, समुद्र आणि हप्ता तिघेही तेच असताना एकाला विमा घेणं योग्य आणि दुसऱ्याला अयोग्य असू शकतं. मोबाइलची काच, मिक्सरची वाढीव वॉरंटी असल्या बारीकसारीक विम्यांच्या बाबतीत आपण सगळेच त्या मोठ्या नाखव्याच्या जागी असतो. ते घेऊ नयेत.

आता धोका विभागण्याकडे येतो. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

विभागणी खरोखर काम करते. समजा, तुमच्याकडे वीस लाखांची एक बोट नसून दहा-दहा लाखांच्या दोन आहेत, आणि एकीच्या नशिबाचा दुसरीशी काही संबंध नाही. सरासरी नुकसान अजूनही वीस हजारच. पण दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता आता दहा हजारात एक. तेच गणित करून बघितलं तर धोक्यातून सुटण्यासाठी देण्याजोगी रक्कम एकोणचाळीस हजार नऊशेवरून पंचवीस हजार सहाशेच्या आसपास उतरते. तीस हजारांचा विमा मग परवडेनासा होतो, कारण विम्याचं बरंचसं काम दुसऱ्या बोटीनेच केलेलं असतं. बर्नूलीने हेही लिहिलंय: परदेशातला माल एका जहाजातून न आणता दोन जहाजांतून आणणाऱ्या व्यापाऱ्याचं उदाहरण त्याने सोडवून दाखवलं. तुमचा भाऊ जे म्हणतोय, त्याचा मूळ विचार असा पावणेतीनशे वर्षांहून जुना आणि पक्का आहे.

पण सगळं त्या एका अटीवर उभं आहे: एकीच्या नशिबाचा दुसरीशी संबंध नको. हर्णैच्या बंदराला आडोसा नाही हे मी तुम्हाला काय सांगणार. वादळाचा इशारा आला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात आणि एकीला एक लावून उभ्या राहतात. तुमची पहिली बोट आणि भावाची दुसरी, दोन्ही त्याच रात्री, त्याच खाडीत, कदाचित एकाच दोराला. एकीचा नांगर सुटला तर ती दुसरीवरच जाऊन आदळणार. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत त्याने कोणाचंच काही वेगळं ठेवलं नाही. त्यानंतर दिवेआगरच्या एका वाडीत मी पाहणीला उभा होतो. मालकाने आयुष्यभर विचारपूर्वक पैसा विभागला होता: नारळ, सुपारी, दोन खोल्यांचं पर्यटकांसाठीचं घर, शेजारच्या गावात घेतलेली आंब्याची कलमं. सुपारी कंबरेतून मोडलेली, नारळ मुळासकट आडवे, खोल्यांचे पत्रे दुसऱ्याच्या वाडीत, आणि कलमांच्या फांद्या फाटलेल्या. चार ठिकाणचा पैसा एका दुपारी गेला. सुपारीचं झाड पुन्हा लावून उत्पन्नावर यायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे ती दुपार पुढच्या कित्येक वर्षांची होती.

दोन बोटींचा सगळा धोका असा सामाईक असेल, तर देण्याजोगी रक्कम पुन्हा थेट एकोणचाळीस हजार नऊशेवर जाते. दोन बोटी घेऊन काहीच मिळालं नाही. प्रत्यक्षात चित्र मधलं असतं. इंजिनरूमची आग, खडकावर चढणं, पाणी शिरणं हे ज्याचं त्याचं, वादळ सगळ्यांचं. निम्मा धोका वादळाचा धरला तर ही रक्कम साधारण बत्तीस हजार सातशे येते. म्हणजे दोन बोटी असल्या तरी तीस हजारांचा विमा घ्यावा असंच उत्तर निघतं. म्हणून पैसा किती जागी आहे हे मोजण्याआधी, एकाच दिवशी त्यातलं किती जाऊ शकतं हे मोजायचं असतं.

आणि भाऊ तर याहून पुढे गेलाय. तो आहे त्या बोटीचे दोन भाग करत नाहीये. एफडी आणि सोनं, म्हणजे वादळाने जाऊ न शकणारे एकमेव पाच लाख, तो त्याच खाडीतल्या दुसऱ्या बोटीत घालायला निघालाय, आणि त्याच वेळी विमाही सोडायचा म्हणतोय. मग वाईटातल्या वाईट वर्षी हातात काय राहतं ते शीटला विचारा. दोन्ही एकदम जाण्याची शक्यता धोका निम्मा सामाईक धरून टाकली तरी चालेल, पूर्ण सामाईक धरली तरी चालेल. शून्याचा घात कितीही छोटा असो, उत्तर एकच येतं:

```
=25^0.99*0^0.01
```

शून्य. गणिताचा अर्थ असा की ज्यात सगळंच जाऊ शकतं, असा डाव बर्नूलीच्या हिशोबाने चालणाऱ्या माणसाने कुठल्याही परताव्यासाठी खेळू नये. खऱ्या आयुष्यात माणूस शून्यावर येत नाही, नातेवाईक असतात, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाता येतं. त्यामुळे ते शून्य शब्दशः घेऊ नका. पण दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होणं म्हणजे काय, हे बोटमालकाला मी समजावण्याची गरज नाही.

खरी विभागणी आपल्या आधीच्या पिढ्यांनी केली होती. घरातला एक मुलगा मुंबईला पाठवायचा. भात बुडालं किंवा मासळी पडली तरी मनीऑर्डर यायची, कारण मुंबईच्या पगाराला कोकणातला पाऊस लागत नव्हता. तीसुद्धा कुठे फसली ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या घरांतले तिघे भाऊ तीन गिरण्यांत होते, त्यांना वाटायचं तीन पगार आहेत. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि कळलं की तो एकच पगार तीन पाकिटांत येत होता. आणि २०२० साली तर मुंबईचा पगार लॉकडाऊनने मार्चअखेरीस थांबला, वादळ जूनमध्ये आलं. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा दोन गोष्टीही कधी एकाच हंगामात येतात. त्यासाठी चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते निघतील एवढी रोख रक्कम लागते. ती रक्कम कशातही गुंतवायची नाही.

तुमच्या पाच लाखांपुरतं सांगतो. एफडी बँकेतच राहू दे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, आणि मच्छीमारांनाच कर्ज देणाऱ्या गावच्या पतसंस्थेचं नशीब शेवटी तुमच्याच बंदराला बांधलेलं असतं. वाईट हंगामात तिची वसुलीही थांबते. पुढे जी शिल्लक पडेल, त्यातली लांबच्या मुदतीची रक्कम थोडी थोडी करून सबंध देशातल्या कंपन्यांत विखुरलेल्या एखाद्या साध्या इंडेक्स फंडात जाऊ द्या. तो फंड पडेल, कधी जोरात पडेल, पण आंजर्ल्याच्या खाडीत वारा सुटला म्हणून पडणार नाही. गावातच आणखी जमीन किंवा पर्यटकांसाठी खोल्या, हे धंदा म्हणून चांगले असतील, धोका विभागण्यासाठी उपयोगाचे नाहीत.

मग विमा जन्मभर भरायचा का? नाही. याचंही उत्तर काढता येतं, आणि बर्नूलीनेही हाच प्रश्न विचारला होता: बाकीची पुंजी किती असली की व्यापाऱ्याने मालाचा विमा सोडावा? तुमच्या आकड्यांवर उत्तर साधारण चौदा लाख येतं. बोट सोडून तुमच्याकडे चौदा लाखांहून जास्त असतील, तर तीस हजारांचा हप्ता या कसोटीला उतरत नाही. मात्र ते चौदा लाख वादळाच्या वाटेबाहेरचे हवेत आणि त्यातून देणं वजा केलेलं हवं. बोटीवर सहा लाखांचं कर्ज असेल, तर तुमची बाकीची पुंजी आज पाच लाख नसून उणे एक आहे. त्याच्या अलीकडे, मधल्या टप्प्यावर, पॉलिसीतला एक्सेस वाढवून घ्या, म्हणजे पहिले पन्नास हजार किंवा लाखभराचं नुकसान तुमचं आणि वरचं कंपनीचं. हप्ता उतरतो, आणि विमा ज्यासाठी आहे ते मोठं नुकसान झाकलेलं राहतं.

शेवटची गोष्ट माझ्या रोजच्या कामातली. वरचं सगळं गणित बोट गेली तर पैसे मिळतातच असं धरून केलंय. क्लेम नाकारला गेला तर हप्ताही गेला आणि बोटही, म्हणजे विमा नसतानापेक्षाही वाईट अवस्था. हे धरून पुन्हा मांडलं, तर पाचात एक क्लेम नाकारला जाण्याची शक्यता असताना विमा जेमतेम परवडतो, आणि चारात एक झाली की परवडत नाही. म्हणून तीस हजार भरून कागद कपाटात टाकू नका. मी ज्या पाहण्यांवर "देय नाही" असा शेरा लिहिलाय, त्यांत समुद्राचा दोष क्वचितच होता. मासेमारी परवान्याची मुदत संपलेली, नोंदणीत जुनं इंजिन आणि बोटीत नवं, बंदीच्या काळात समुद्रात गेलेली बोट, खबर द्यायला तीन आठवडे. जाळी बऱ्याचदा बोटीच्या रकमेत धरलेलीच नसतात. मालकाला ते नुकसान झाल्यावर कळतं. पुढच्या नूतनीकरणाआधी पॉलिसी आणि नोंदणीचा कागद शेजारी ठेवा, इंजिनचा क्रमांक दोन्हींवर आणि प्रत्यक्ष इंजिनवर एकच आहे का ते स्वतः टॉर्च घेऊन बघा. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, तेव्हाचं नुकसान पॉलिसीत धरलंय का, हे एजंटला तोंडी विचारू नका, लेखी मागा. आणि वादळाचा इशारा आला की खाडीत लावलेल्या बोटीचे, तिच्या दोरांचे आणि नांगराचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. योग्य काळजी घेतली होती का, हा माझ्या फॉर्मवरचा प्रश्न असतो, आणि बोट फुटल्यावर त्याचं उत्तर देणारं तिथे काहीच उरलेलं नसतं.